चुकीचा रिझ्युमे गेला, आता?

‘सेंड’ दाबल्यावर मेल मागे घ्यायला जीमेल मुळात ५ सेकंद देतं. सेटिंग बदलून ती ३० करता येतात. त्यानंतर मेल परत येत नाही. आउटलुकचं ‘रिकॉल’ही कंपनीच्या आतल्या मेलपुरतं; बाहेरच्या रिक्रूटरपुढे ते निरुपयोगी.

समजा, पुण्यातल्या एका अकाउंटंटने नव्याऐवजी दोन वर्षांपूर्वीचा रिझ्युमे धाडला. तिने नवा मेल लिहिण्यापेक्षा ‘सेंट’मधला तोच मेल उघडून ‘रिप्लाय’ करावा, म्हणजे दोन्ही मेल एकाखाली एक दिसतात. मजकूर दोन ओळींचा पुरे: ‘मघाच्या मेलला चुकून जुना रिझ्युमे जोडला गेला. योग्य प्रत सोबत आहे, कृपया हीच ग्राह्य धरावी.’ फाइलच्या नावात स्वतःचं नाव आणि महिना असावा. ‘फायनल २’ वाचून खरी कुठली, हे रिक्रूटरला कसं कळणार? आणि जोडलेली फाइल पाठवण्यापूर्वी तिथूनच उघडून बघावी. दुसऱ्यांदाही जुनीच फाइल जोडणारे महाभाग असतात.

रिक्रूटरचं नाव चुकलं असेल, तर बरोबर नावाने सुरुवात करून ‘आपलं नाव चुकीचं लिहिलं गेलं, क्षमस्व’ एवढं एकच वाक्य. मजकुरातल्या एखाद्या वेलांटीसाठी मात्र वेगळा मेल नको. तिच्याकडे बहुधा कुणाचं लक्षही गेलेलं नसतं.