गुडघ्याखाली चार बोटं

काकू आत आल्या त्या एक्स-रेचं मोठं पाकीट छातीशी धरून. वय 54, वजन 83 किलो, उंची पाच फूट एक इंच, आठ वर्षांपासून मधुमेह. राहायला लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. बसता बसताच म्हणाल्या, "गुडघ्यातलं वंगण संपलंय म्हणे माझ्या. आता बदलायचाच का?"

मी फिजिओथेरपिस्ट आहे. एक्स-रे नंतर बघते, आधी एक साधी गोष्ट विचारते : कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवा. बहुतेक जण अख्खा तळवा गुडघ्यावर ठेवून "इथे सगळीकडे" म्हणतात. काकूंनीही तेच केलं. पुन्हा विचारल्यावर त्यांचं बोट वाटीवरून आतल्या बाजूला सरकलं, मग खाली गेलं आणि नडगीच्या हाडाच्या आतल्या अंगाला थांबलं. सांध्याच्या रेषेपासून चांगलं चार बोटं खाली. मी तिथे अंगठ्याने दाबलं, तशा काकू खुर्चीतून उठल्याच. खुद्द सांध्याच्या फटीवर दाबलं तेव्हा मात्र "थोडंसं दुखतं" एवढंच म्हणाल्या.

ही जागा तुम्हालाही सापडेल. खुर्चीवर बसून गुडघा काटकोनात वाकवा. वाटीच्या खालच्या टोकाच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं की एक आडवी खाच लागते, तो सांधा. तिथून नडगीच्या आतल्या अंगाने साधारण पाच-सहा सेंटिमीटर खाली उतरा. मांडीचे तीन स्नायू वेगवेगळ्या ठिकाणांहून खाली येतात आणि त्यांचे चपटे कंडरे तिथे एकत्र होऊन हाडाला चिकटतात. जुन्या शरीररचनाकारांना ती पसरलेली बोटं हंसाच्या पंजासारखी दिसली, म्हणून त्यांनी लॅटिनमध्ये नाव दिलं पेस अँसेरिनस, म्हणजे हंसाचा पाय. या पंजाखाली एक पातळ, चिकट द्रवाची पिशवी असते, तिला बर्सा म्हणतात. कंडरा आणि हाड एकमेकांवर घासू नयेत म्हणून ती तिथे असते. घासणं प्रमाणाबाहेर झालं की पिशवी सुजते आणि तिचा बर्सायटिस होतो.

त्या तीन स्नायूंपैकी एकाचं नाव सार्टोरियस. लॅटिनमध्ये सार्टर म्हणजे शिंपी. जुन्या काळचा शिंपी मांडी घालून शिवायला बसायचा आणि पाय त्या अवस्थेत आणायला हा स्नायू मदत करतो, म्हणून हे नाव. आपल्याकडच्या बायकांचा निम्मा संसार तर मांडी घालूनच होतो, त्यामुळे हे नाव मला फार आवडतं. काकूंचं दुखणंही तसंच सुरू झालं होतं. गौरी-गणपतीत तीन दिवस जमिनीवर बसून मोदक, करंज्या, पुरणपोळ्या. आणि त्याच्या दोनच आठवडे आधी, साखर वाढली म्हणून घाबरून, त्यांनी एकदम रोज पाच किलोमीटर चालायला सुरुवात केली होती. पायात जुनी, सपाट झालेली चप्पल.

हे दुखणं जाड, मध्यमवयीन बायकांनाच जास्त का धरतं? 1937 साली न्यूयॉर्कच्या एली मॉश्कोविट्झ या डॉक्टरांनी त्याचं पहिलं नीट वर्णन लिहिलं, तेव्हाही त्यांचे रुग्ण जवळजवळ सगळ्या बायकाच होत्या. जिना चढताउतरताना आणि खुर्चीतून उठताना दुखतं, हेही त्यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. बायकांचं ओटीपोटाचं हाड रुंद, त्यामुळे मांडीचं हाड तिरकं उतरतं आणि गुडघे आत झुकतात. वजन वाढलं, तळपाय सपाट झाले की ते आणखी झुकतात. अशा गुडघ्याला आवरून धरायचं काम या हंसाच्या पंजाकडे येतं आणि तो दिवसभर ताणलेला राहतो. मधुमेह आणि गुडघ्याची झीज असली की हा त्रास जास्त दिसतो.

इथेच घोळ होतो. पन्नाशी ओलांडलेल्या, वजन जास्त असलेल्या कुणाच्याही गुडघ्याचा एक्स-रे काढा, थोडीफार झीज दिसतेच. बर्सा एक्स-रेत दिसत नाही. मग जे दिसतं त्यावर खापर फुटतं आणि रुग्ण "गादी झिजली" हे वाक्य घेऊन घरी जातो. काकूंच्या एक्स-रेतही झीज होती, पण दोन्ही गुडघ्यांत सारखीच. दुखत होता फक्त उजवा. झीज खोटी नव्हती, पण त्या महिन्यात त्यांना रडवणारी गोष्ट ती नव्हती.

लक्षणांवरूनही फरक कळतो. सपाट रस्त्यावर काकू बऱ्यापैकी चालत, जिना मात्र नको व्हायचा. रात्री कुशीवर झोपलं की दोन गुडघे एकमेकांवर टेकायचे आणि कळ यायची. सकाळी उठल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं पाय जड. असं असेल तर बर्साचा संशय घ्यावा. सांध्याच्या फटीतच दुखत असेल, गुडघा मध्येच अडकत असेल, तर कूर्चेची चकती फाटलेली असू शकते. मांडीपासून पायापर्यंत मुंग्या येत असतील तर कंबर तपासायला हवी. आणखी एक कबुली द्यायला हवी : सोनोग्राफी केली तर अशा बऱ्याच रुग्णांत पिशवी सुजलेली दिसतच नाही. दुखतो तो कदाचित कंडरा, कदाचित त्याभोवतीची चरबी. म्हणून काही डॉक्टर बर्सायटिस हा शब्द टाळतात. उपचार मात्र जवळपास तेच राहतात. शिवाय जाड बायकांच्या गुडघ्याच्या आतल्या बाजूची चरबी मुळातच दुखरी असू शकते, तेव्हा दाबून बघताना दुसऱ्या पायाशी तुलना करावीच.

काकूंनी तोवर काय काय केलं होतं? शेजारणीच्या सांगण्यावरून तिळाच्या तेलाने रोज रात्री सुनेकडून तीच जागा रगडून घेतली, वर गरम शेक. घट्ट नी-कॅप घातली, तिची खालची कड नेमकी त्याच जागी रुतत होती. सुजलेल्या पिशवीला रगडणं म्हणजे दुखऱ्या गळवाला चिमटे काढणं. हे तिन्ही मी आधी बंद केलं.

पहिले दोन आठवडे फक्त आग शांत करायची. बर्फ रुमालात गुंडाळून 10 ते 15 मिनिटं, दिवसातून तीनदा. मधुमेहात पायाची जाणीव कमी झाली असेल तर बर्फ भाजल्याचं कळत नाही, म्हणून आधी कापसाचा स्पर्श समजतो का ते तपासलं. झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी. मांडी घालणं, उकिडवं बसणं पूर्ण बंद, देवपूजासुद्धा खुर्चीवर. जिना दिवसातून एकदाच : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हात कठड्यावर. डॉक्टरांनी लावायला डायक्लोफेनॅकचं जेल दिलं. पोटातल्या वेदनाशामक गोळ्या त्यांनी मुद्दाम टाळल्या, कारण मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या माणसाच्या मूत्रपिंडावर त्यांचा भार पडतो. दुकानातून आणून महिनोन्‌महिने त्या गिळणाऱ्या बायका मला दर आठवड्याला भेटतात.

तिसऱ्या आठवड्यापासून व्यायाम. दोनच दिले, कारण पाच दिले तर एकही होत नाही. पहिला मांडीच्या मागच्या ताठर स्नायूंसाठी : खुर्चीच्या कडेला बसून दुखरा पाय समोर सरळ, टाच जमिनीवर, पाठ न वाकवता कमरेतून पुढे झुकायचं, मांडीमागे ताण जाणवला की 30 सेकंद थांबायचं. असं तीन वेळा, सकाळ-संध्याकाळ. दुसरा मांडीच्या पुढच्या स्नायूंसाठी : पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती गुडघ्याने खाली दाबून पाच सेकंद धरायची, दहा वेळा. ताण चालेल, कळ चालणार नाही.

सहाव्या आठवड्यात निम्मं दुखणं गेलं होतं, पण रात्रीची कळ उरली होती. तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी त्या जागी भूल आणि स्टिरॉइडचं एक इंजेक्शन दिलं. भुलीने पाचेक मिनिटांत कळ थांबली, म्हणजे दुखणं तिथलंच होतं हेही सिद्ध झालं. स्टिरॉइडने मधुमेही माणसाची साखर काही दिवस वाढते. काकूंना आधी सांगितलं होतं म्हणून त्या घाबरल्या नाहीत, आठवडाभर रोज तपासत राहिल्या. क्वचित त्या जागची कातडी पांढरी पडते किंवा चरबी आत बसते. सुई कंडरात गेली तर कंडरा कमजोर होऊ शकतो. म्हणून हे इंजेक्शन जाणत्या हातांनी द्यायचं असतं आणि दुखलं की दरवेळी मागायचं नसतं.

चालणं पुन्हा सुरू केलं ते 10 मिनिटांपासून, टाचेला आणि कमानीला आधार देणाऱ्या बुटांत. वजनाचा हिशेब मी काकूंना असा सांगितला : मोजमापांतून दिसलंय की वजन 1 किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोने कमी होतो. रात्रीचा भात आणि चहातली साखर सोडून काकूंनी पाच महिन्यांत पाच किलो उतरवले. म्हणजे पावलागणिक वीस किलो. 83 किलोंची बाई 50 किलोंची व्हायला हवी असं मुळीच नाही.

काही दुखणी मात्र घरी ठेवून चालत नाहीत. जागा लाल, गरम झाली आणि ताप आला तर पिशवीत जंतुसंसर्ग असू शकतो, मधुमेहात विशेषतः. पडल्यानंतर किंवा एकाएकी पाय टेकवताच येईनासा झाला तर ठिसूळ हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो आणि तो सुरुवातीच्या एक्स-रेत सुटतो. पोटरी सुजून दुखू लागली तर रक्ताची गुठळी आहे का ते त्याच दिवशी बघायला हवं. हाडावर वाढत जाणारी गाठ लागली तरी थांबू नये.

काकूंचा गुडघा बदलावा लागलेला नाही. झीज आहे तिथेच आहे, पावसाळ्यात थोडं कुरकुरतंही. पुढच्या गणपतीत त्यांनी मोदक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, खुर्चीवर बसून वळले. सासूबाईंना ते फारसं पटलं नाही.