बुधवारची उलाढाल

एका शेअरचे पाच दिवस घेऊ. शेअर काल्पनिक आहे आणि आकडे हिशेबाला सोपे जावेत असे घेतले आहेत, पण असा आठवडा बाजारात पुन्हा पुन्हा येतो. मागच्या शुक्रवारी भाव २०० रुपयांवर बंद झाला होता. सोमवारी तो १९९ ते २०४ मध्ये फिरला आणि २०३ वर बंद झाला. मंगळवारी २०२ ते २०७ मध्ये फिरून २०६ वर आला. दोन्ही दिवशी दहा-दहा लाख शेअर हातबदल झाले. बुधवारी सकाळी चांगली बातमी आली, भाव थेट २१७ पर्यंत उडाला आणि दिवसअखेर घसरत घसरत २०८ वर आला. त्या दिवशी उलाढाल पंचवीस लाखांची झाली.

संध्याकाळी आकडे पाहणाऱ्याला दिसते ते असे: भाव कालच्यापेक्षा दोन रुपयांनी वर, उलाढाल अडीचपट. तेजीवर शिक्कामोर्तब झाले, असे वाटणे अगदी साहजिक आहे. पण ते पंचवीस लाख शेअर खरोखर तेजीच्या खात्यात लिहायचे का?

‘ऑन-बॅलन्स व्हॉल्यूम’, म्हणजे ओबीव्ही, याचे उत्तर ‘हो’ असे देते. जोसेफ ग्रॅनव्हिल या अमेरिकी विश्लेषकाने १९६३ च्या आपल्या पुस्तकातून ही पद्धत लोकप्रिय केली. नियम एका वाक्यात मावतो: आजचा बंद भाव कालच्यापेक्षा जास्त असेल तर दिवसाची सगळी उलाढाल बेरजेत मिळवायची, कमी असेल तर सगळी वजा करायची, आणि तेवढाच असेल तर बेरीज आहे तशी ठेवायची. आपल्या शेअरचा ओबीव्ही शून्यापासून धरला तर सोमवारी १०, मंगळवारी २० आणि बुधवारी ४५ लाख होतो. रेषा ताठ वर जाते.

दुसरी रेषा ‘ॲक्युम्युलेशन-डिस्ट्रिब्युशन’ची. तिचे आज वापरात असलेले सूत्र मार्क चायकिन यांच्या नावाने ओळखले जाते. तिला कालच्या भावाशी काही देणेघेणे नसते. ती एवढेच विचारते, की आजच्या उच्चांक आणि नीचांक यांच्यामध्ये बंद भाव कुठे पडला. बंद भाव नीचांकापासून जितका वर, त्यातून तो उच्चांकापासून जितका खाली ते वजा करायचे, आणि उत्तराला दिवसाच्या एकूण पट्ट्याने भागायचे. अगदी उच्चांकावर बंद झाला तर उत्तर अधिक एक, नीचांकावर उणे एक, बरोबर मध्यावर शून्य. या गुणकाने उलाढालीला गुणायचे आणि रोजचे उत्तर बेरजेत मिळवत जायचे.

सोमवारी भाव नीचांकापासून चार रुपये वर आणि उच्चांकापासून एक रुपया खाली होता. चार वजा एक तीन, भागिले पाच, म्हणजे ०.६. दहा लाखांपैकी सहा लाख जमा झाले. मंगळवारीही तसेच, म्हणून बेरीज १२. बुधवारी मात्र भाव नीचांकापासून जेमतेम एक रुपया वर आणि उच्चांकापासून नऊ रुपये खाली होता. गुणक उणे ०.८, उलाढाल पंचवीस लाख, म्हणजे वीस लाख वजा. बेरीज उणे ८ वर आली.

एकाच दिवशी एक रेषा पंचवीसने वर गेली आणि दुसरी वीसने खाली आली. माझ्या मते या रेषांचा सगळ्यात मोठा उपयोग अशाच दिवशी होतो, कारण दोघी दोन वेगळे प्रश्न विचारत असतात. काल शेअर घेतलेला माणूस आज फायद्यात आहे की नाही, ते ओबीव्ही सांगते. आज दिवसभरात घेतलेला माणूस संध्याकाळी कुठे उभा आहे, ते एडी रेषा सांगते. बुधवारी २१२ ते २१७ मध्ये ज्यांनी हौसेने माल उचलला, ते सगळे संध्याकाळी तोट्यात होते. त्या भावांना मोठा विक्रेता उभा असण्याची शक्यता धरून पुढचे दिवस पाहायला हवेत. शक्यताच म्हणायची, कारण प्रत्येक सौद्यात जितके शेअर विकले जातात तितकेच घेतले जातात. ‘आज खरेदी जास्त झाली’ असे कोणतीही रेषा मोजत नाही. ती फक्त भावावरून अंदाज बांधते.

गुरुवारी भाव २०७ ते २१२ मध्ये फिरून २०८.५० वर बंद झाला, उलाढाल वीस लाख. पन्नास पैशांच्या वाढीवर ओबीव्ही वीसने वाढून ६५ झाला. हाच बंद भाव २०७.९५ असता तर तेच वीस लाख वजा झाले असते आणि रेषा ६५ ऐवजी २५ वर दिसली असती. पंचावन्न पैशांनी चाळीस लाखांचा फरक पडला असता! शिवाय राष्ट्रीय शेअर बाजारात वर्षानुवर्षे रूढ असलेला बंद भाव हा शेवटच्या सौद्याचा भाव नसतो. शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची ती भारित सरासरी असते. त्यामुळे अशा काठावरच्या दिवसाला ओबीव्हीत फार वजन देऊ नये. एडी रेषा इथे शांत राहते. तिचा गुणक उणे ०.४, बेरीज उणे १६. आणि बंद भाव २०७.९५ असता तरी ती उणे २०.४ वर गेली असती, इतकेच.

पण एडी रेषेचीही एक आंधळी बाजू आहे, ती शुक्रवारी उघडी पडते. रात्री वाईट बातमी आली. सकाळी भाव १९६ वर उघडला, १९५ ला टेकला, मग सावरत २०५ पर्यंत गेला आणि २०४ वर बंद झाला. उलाढाल तीस लाख. शेअर कालच्यापेक्षा साडेचार रुपयांनी खाली आहे, तरी गुणक येतो अधिक ०.८. चोवीस लाख जमा होऊन बेरीज अधिक ८ होते. रात्रीत पडलेली दरी या सूत्राला दिसतच नाही. ओबीव्हीला ती दिसते. ते तीस वजा करून ३५ वर येते. सलग काही दिवस भाव खाली उघडून थोडा सावरत राहिला, तर शेअर पडत असताना एडी रेषा चढत राहू शकते, आणि नवखा माणूस त्याला ‘कुणीतरी गुपचूप माल गोळा करतंय’ असे समजतो.

आपल्याकडच्या लहान शेअरमध्ये आणखी एक प्रकार दिसतो. शेअर सकाळपासून अप्पर सर्किटला अडकला तर उच्चांक, नीचांक आणि बंद भाव एकच असतात. पट्टा शून्य, आणि शून्याने भागता येत नाही. बहुतेक सॉफ्टवेअर त्या दिवसाचा गुणक शून्य धरते, तर ओबीव्ही सगळी उलाढाल मिळवून मोकळे होते. सलग सर्किट लागणाऱ्या शेअरमध्ये या दोन रेषांची तुलना करण्यात अर्थ नाही.

दोन्ही रेषांचा आकडा स्वतः काही सांगत नाही, कारण बेरीज कुठल्या दिवसापासून सुरू केली यावर तो ठरतो. पाहायचे असते ते शिखर. समजा तीन आठवड्यांनी आपला शेअर २१५ वर बंद झाला, म्हणजे गुरुवारच्या २०८.५० पेक्षा बराच वर. त्या दिवशी ओबीव्ही ६५ च्या वर गेला असेल आणि एडी रेषेनेही मंगळवारचे १२ चे शिखर ओलांडले असेल, तर उलाढाल भावाच्या सोबत आहे. ओबीव्ही ५० वरच अडकला असेल, तर भाव चढतानाच्या दिवसांत उलाढाल तोकडी होती, पडतानाच्या दिवसांत दणदणीत. हा शब्दश: विक्रीचा इशारा नव्हे. ग्रॅनव्हिल यांच्या विक्रीच्या सल्ल्याने जानेवारी १९८१ मध्ये अमेरिकी बाजार एका दिवसात हादरला होता, आणि ऑगस्ट १९८२ मध्ये मोठी तेजी सुरू झाली तेव्हा तेच मंदीवर अडून राहिले होते.

रेषा जुळत नसतील तेव्हा मी बुधवारसारख्या दिवसाची डिलिव्हरी पाहतो. पंचवीस लाखांपैकी किती शेअर खरोखर खात्यात गेले आणि किती त्याच दिवशी घेऊन विकले गेले, हा आकडा बाजार रोज प्रसिद्ध करतो, आणि तो या दोन्ही सूत्रांत नाही. शेअर निर्देशांकात येण्याच्या दिवशी इंडेक्स फंड ठरल्याप्रमाणे खरेदी करतात, त्या दिवसाची प्रचंड उलाढालही तपासून बाजूला ठेवतो. नाहीतर त्या एका दिवसाची पायरी रेषेत कायमची राहते आणि पुढची सगळी शिखरे तिच्यावर उभी असतात.