गीझरने कधी माघार घ्यावी?

बदलापूरच्या फ्लॅटमध्ये महावितरणच्या बिलावर मंजूर भार ३ किलोवॅट, म्हणजे साधारण १३ अँपिअर. २ किलोवॅटचा गीझर ८.७ अँपिअर घेतो, फ्रिज-पंखे १.३. त्यात इस्त्रीचे ४.३ आले की बेरीज १४.३. मेन वायरवरचा सेन्सर हे मोजतो आणि रिले गीझरचा काँटॅक्टर सोडतो. टाकीतलं पाणी गरमच राहतं, म्हणून पहिला बळी गीझरचा.

खरी गोम परतीत आहे. गीझर सुटताच आकडा ५.६ वर येतो. ‘११ च्या खाली आला की जोडा’ असं सेटिंग असेल, तर गीझर लगेच परततो, पुन्हा सुटतो. बोर्डातून सतत टकटक ऐकू आली, तर हाच दोष समजा. परतीची मर्यादा ४ अँपिअर ठेवा. इस्त्री थर्मोस्टॅटने अधूनमधून बंद होते, म्हणून पाच मिनिटांची उसंतही द्या. जोडणी मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.