सेंदाईचे रेखांश ३२ बिटांत

११ मार्च २०११ च्या भूकंपात सेंदाईच्या ईशान्येकडील ओशिका द्वीपकल्पावरचे उपग्रह-मापन केंद्र सुमारे ५.३ मीटर सरकले, बहुतांशी पूर्वेकडे. एवढा बदल संगणकात उमटेल का, हे संख्या कशा रूपात साठवली आहे यावर ठरते.

तीन खाने

अपूर्णांक साठवण्याची आजची रूढ पद्धत १९८५ च्या IEEE 754 मानकातून आली. तिच्या ३२ बिटांच्या रूपात पहिला बिट चिन्हाचा, पुढचे ८ घातांकाचे आणि उरलेले २३ मॅन्टिसाचे असतात. चिन्हाचा बिट ० असेल तर संख्या धन, १ असेल तर ऋण. घातांक ऋणही असू शकतो, म्हणून त्यात १२७ मिळवूनच तो लिहितात.

१४०.८७५ चे रूपांतर

सेंदाई शहरातून जाणारे १४०.८७५ अंश पूर्व हे रेखांश घेऊ. १४० म्हणजे १२८ + ८ + ४, द्विमानात 10001100. अपूर्णांकाला दोनने गुणत जायचे आणि पूर्णांक भाग टिपायचा: ०.८७५ चे १.७५, उरलेल्या ०.७५ चे १.५, मग ०.५ चे १.०. तिन्ही वेळा १ आला, म्हणून 0.111.

आता 10001100.111 मधला बिंदू सात घरे डावीकडे नेला की 1.0001100111 × 2⁷ मिळते. घातांकाच्या खान्यात ७ + १२७ = १३४ जातो. बिंदूआधीचा १ नेहमीच असतो, म्हणून तो साठवतच नाहीत. एक बिट फुकट मिळतो.

```
0 10000110 00011001110000000000000
```

१४०.८८ का बसत नाही

०.८८ ला दोनने कितीही गुणले तरी शेष शून्य होत नाही. घातांक ७ असताना शेवटच्या बिटाची किंमत 2⁻¹⁶, म्हणजे सुमारे ०.००००१५३ अंश. संगणक जवळची पायरी निवडतो: १४०.८८०००४८८२८१२५. सेंदाईच्या अक्षांशावर एक अंश रेखांश सुमारे ८७.४ किलोमीटरचा असतो. म्हणजे ही चूक सुमारे ४३ सेंटिमीटरची आणि एक पायरी १.३३ मीटरची. ओशिकाचे ते सरकणे इथे जेमतेम चार पायऱ्यांत मावते, आणि भूकंपानंतरची सेंटिमीटरांतली हालचाल दिसतच नाही.

नकाशावरचे बिंदू सारख्या अंतराच्या उभ्या रेषांवर बसू लागले, तर हाच दोष आधी तपासावा. छापताना दशांश स्थळे वाढवून तो जात नाही.

उपाय

६४ बिटांच्या रूपात मॅन्टिसाला ५२ बिट मिळतात आणि इथली पायरी काही नॅनोमीटरांवर येते. जागा वाचवायचीच असेल, तर ६४ बिटांत संदर्भबिंदू वजा करून फरक मीटरमध्ये काढावा आणि मगच तो ३२ बिटांत ठेवावा. ५.३ च्या आसपास पायरी अर्ध्या मायक्रोमीटरहूनही लहान असते. वजाबाकी आधी, रूपांतर नंतर: हा क्रम उलटला तर गेलेले सेंटिमीटर परत मिळत नाहीत.