कान ओढला की कळ का येते?

मे महिन्यात कान-नाक-घसा डॉक्टरांकडे एका हाताने कान झाकून आलेली मुलं हमखास दिसतात. कुणी पोहण्याच्या शिबिरातून आलेलं असतं, कुणी आजोळच्या विहिरीत दिवसभर डुंबून. डॉक्टर लगेच कानात बॅटरी मारत नाहीत. आधी कान चिमटीत धरून हलकेच वर आणि मागे ओढतात, मग कानाच्या भोकासमोरचा छोटासा उंचवटा बोटाने दाबून पाहतात. मूल कळवळलं की निम्मं निदान तिथेच झालेलं असतं.

या साध्या ओढण्यातून एवढं कसं कळतं? कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. तिचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा असतो आणि ही कूर्चा बाहेर दिसणाऱ्या कानाच्या कूर्चेशी सलग असते. त्यामुळे कान हलवला की नळीही हलते आणि तिची त्वचा सुजलेली असेल तर जीव नकोसा होतो. सर्दी-पडशानंतर लहान मुलांचा जो कान ठणकतो त्याचं दुखणं पडद्याच्या पलीकडे, हाडाच्या पोकळीत असतं. तिथे कान कितीही ओढला तरी सहसा फरक पडत नाही. दुखणं पडद्याच्या अलीकडचं की पलीकडचं, हे या परीक्षेतून बऱ्यापैकी उमगतं. औषध त्यावरच ठरतं, कारण अलीकडचं दुखणं मुख्यतः थेंबांनी बरं होतं.

आता हे दुखणं होतं कसं ते पाहू. त्यासाठी ज्याला आपण घाण समजतो त्या मळाची बाजू घ्यावी लागेल. कानातला मळ चिकट, तेलकट आणि किंचित आम्लधर्मी असतो. तो पाणी त्वचेपर्यंत पोचू देत नाही आणि त्याच्या आम्लपणामुळे जंतूंना तिथे वाढणं अवघड जातं. तो साफ करायची सोयही शरीरानेच केलेली आहे. नळीची त्वचा पडद्याकडून बाहेरच्या दिशेने सावकाश सरकत असते आणि जुना मळ आपल्यासोबत भोकाशी आणून सोडते. आपण मात्र त्यात कापसाची काडी घालतो. ती थोडा मळ बाहेर काढते, उरलेला आत ठासते आणि त्वचेवर न दिसणारे ओरखडे उठवते. आतल्या हाडाच्या भागात ही त्वचा फारच पातळ असते, जवळजवळ हाडालाच चिकटलेली. बऱ्याच पाकिटांवर काडी कानात घालू नये अशी सूचना छापलेली असते, पण ती वाचतो कोण?

पाण्याचं काम वेगळं. तासन्‌तास धुणं धुतल्यावर बोटं जशी पांढरी आणि मऊ पडतात, तशीच नळीची त्वचा पाण्यात राहून फुगते. मळ धुऊन जातो, आम्लपणा कमी होतो. मग स्यूडोमोनास नावाचा, ओलसर जागी वाढणारा जिवाणू किंवा त्वचेवर एरवीही असणारा स्टॅफिलोकोकस तिथे ठाण मांडतो. नुसतं पाणी किंवा नुसती काडी पुरेशी असू शकते, पण बहुतेक वेळा दोघं मिळूनच काम बिघडवतात.

समजा, चौदा वर्षांचा एक मुलगा सुट्टीत रोज दोन तास विहिरीत पोहतोय. चौथ्या दिवशी कानात पाणी राहिल्यासारखं वाटलं म्हणून त्याने काडी फिरवली. बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी खाज सुटली, पुन्हा काडी. खाजवलं की आणखी ओरखडे, ओरखड्यांनी आणखी खाज. त्याच्या पुढच्या दिवशी दुखायला लागलं. आजीने लसूण कडकडवून कोमट केलेलं तेल घातलं. औषधाच्या दुकानातून मळ विरघळवायचे थेंब आले, तेही पडले. रात्री त्या कुशीवर झोपता येईना, भाकरीचा घास चावताना कळ येऊ लागली, कारण जबड्याचा सांधा नळीला अगदी लागून असतो. ऐकू कमी येऊ लागलं आणि पातळ, पिवळसर पाणी वाहायला लागलं.

डॉक्टरांनी कान ओढताच तो ओरडला. “काय रे, काडी घातली होतीस ना?” या प्रश्नावर त्याने आईकडे पाहिलं. नळी इतकी सुजली होती की पडदा दिसतच नव्हता. अशा वेळी नुसते थेंब घालून उपयोग नाही, ते दारातच अडतात. म्हणून डॉक्टरांनी बारीक नळीने आतली घाण खेचून घेतली आणि औषधात भिजणारी छोटी वात आत बसवली. ती फुगते आणि औषध खोलवर नेते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि सूज उतरवणारं स्टेरॉइड असलेले थेंब सात दिवसांसाठी दिले, वर दुखणं थांबवणारी गोळी. दोन दिवसांनी वात काढली. तोवर झोप लागू लागली होती.

इथे पालकांचा हमखास प्रश्न येतो, “डॉक्टर, अँटिबायोटिकची गोळी नाही दिली?” संसर्ग नळीपुरता असेल आणि प्रकृती एरवी ठीक असेल तर ती लागत नाही. थेंबातलं औषध थेट जागेवर पडतं आणि गोळीतून तिथे पोचेल त्याच्या कितीतरी पट जास्त असतं. शिवाय ॲमॉक्सिसिलिनसारख्या नेहमीच्या गोळ्यांना स्यूडोमोनास दाद देत नाही. थेंब घालण्याचीही रीत आहे. बाटली मुठीत धरून कोमट करा, नाहीतर गार थेंबांनी चक्कर येते. दुखरा कान वर करून आडवं व्हा, थेंब घाला, समोरचा उंचवटा सोसवेल तसा दोन-चारदा दाबा आणि तीन ते पाच मिनिटं तसंच पडून राहा. दुखणं दोन-तीन दिवसांत उतरायला हवं. उतरलं नाही तर पुन्हा दाखवा. मागच्या वर्षीची उरलेली बाटली मात्र काढू नका. पडद्याला भोक असेल तर काही थेंब आतल्या कानाला अपाय करतात. आणि अँटिबायोटिक थेंब फार दिवस चालले तर कानात बुरशी धरते. पावसाळ्यात तर ती अशीही धरते. तेव्हा दुखण्यापेक्षा खाज जास्त असते, आत काळे ठिपके असलेला पांढरट थर दिसतो आणि औषधही वेगळं लागतं.

बरं होईपर्यंत कान कोरडा ठेवायचा. अंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा भोकाशी बसवला की पुरतं, आणि पोहणं आठ-दहा दिवस बंद. पुढे पोहून आल्यावर मान एका बाजूला कलती करून कान किंचित ओढला की पाणी निघून येतं. बाहेरचा भाग टॉवेलच्या टोकाने टिपावा, आत काही घालू नये. रस्त्यावर कान साफ करून देणाऱ्याची सळईही नको आणि केसातली पिनही नको.

घरात मधुमेह असलेलं वयस्कर माणूस असेल तर मात्र हेच दुखणं साधं समजू नका. त्यांच्यात हा संसर्ग त्वचेतून कवटीच्या हाडात उतरू शकतो. रात्री झोपू न देणारी ठणक, थेंब घालूनही न थांबणारा स्राव, चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणं ही त्याची लक्षणं आहेत. यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टरांकडे न्या आणि साखर तपासून घ्या. या आजारात औषधं काही आठवडे चालवावी लागतात.