फोटोतल्या तक्त्यावरून मध्य, मध्यक आणि बहुलक काढताना

ग्रुपवर कुणीतरी वर्कशीटचा फोटो टाकतं, "मध्य, मध्यक, बहुलक काढा" एवढंच लिहिलेलं, आणि आपण लगेच सूत्र आठवायला लागतो. जरा थांबा. आधी तक्ता वहीत उतरवून घ्या. समजा ६० विद्यार्थ्यांच्या ५० पैकी गुणांचा हा तक्ता आहे:

| गुण | विद्यार्थी |
|---|---|
| १–१० | ४ |
| ११–२० | ९ |
| २१–३० | १८ |
| ३१–४० | १६ |
| ४१–५० | १३ |
| एकूण | ६० |

फोटोत तिसऱ्या ओळीवर नेमकी घडी पडली आहे. तिथे १३ आहे की १८, ते कळत नाही. अशा वेळी खालची बेरीज कामाला येते. १३ धरलं तर एकूण ५५ येतात, १८ धरलं तर ६०. म्हणजे १८. बेरीज छापलेली नसेल तर प्रश्नाचं वाक्य वाचा, "६० विद्यार्थ्यांच्या" असं काहीतरी बहुतेक वेळा तिथे असतं.

आता वर्ग बघा. एक वर्ग १० ला संपतो आणि पुढचा ११ ला सुरू होतो, म्हणजे वर्ग सलग नाहीत. मध्यक आणि बहुलकाची सूत्रं सलग वर्गांवर चालतात, म्हणून प्रत्येक खालच्या मर्यादेतून ०.५ वजा करायचे आणि वरच्या मर्यादेत ०.५ मिळवायचे. २१–३० चा वर्ग २०.५–३०.५ होतो आणि वर्गांतर १० येतं, ९ नाही. वर्गमध्य मात्र बदलत नाही, तो २५.५ च राहतो. त्यामुळे मध्य काढताना ही पायरी विसरली तरी उत्तर बरोबर येतं, आणि नेमका त्यामुळेच गाफीलपणा येतो.

मध्य: प्रत्येक वर्गमध्याला वारंवारतेने गुणून बेरीज केली की १७८० येते. भागिले ६०, म्हणजे साधारण २९.६७.

मध्यकासाठी संचित वारंवारता लिहा: ४, १३, ३१, ४७, ६०. निम्मे म्हणजे ३०. ३० प्रथम ओलांडणारी संख्या ३१, म्हणून मध्यक वर्ग २०.५–३०.५.

मध्यक = L + ((N/2 − cf) / f) × h

इथे cf म्हणजे मध्यक वर्गाच्या *आधीची* संचित वारंवारता, १३. बऱ्याच जणांचा हात इथे ३१ वर जातो. मग कंसात वजा संख्या येते आणि मध्यक वर्गाच्या बाहेर पडतो. तेवढ्यावरून चूक लगेच कळते. बरोबर आकडे घातले की २०.५ + (१७/१८) × १० = २९.९४.

बहुलक = L + ((f1 − f0) / (2f1 − f0 − f2)) × h

सर्वांत जास्त वारंवारता १८, आधीची ९, नंतरची १६. म्हणून २०.५ + (९/११) × १० = २८.६८.

L साठी २०.५ ऐवजी २१ घेतले असते तर मध्यक ३०.४४ आला असता. ही चूक आधीच्या चुकीसारखी सहज दिसत नाही, कारण उत्तर दिसायला अगदी ठीक असतं आणि वर्गाच्या आतच असतं.

आता परत घडीकडे. १८ च्या जागी १३ वाचून तेच गणित केलं तर काय होतं? मध्य ३०.०५ येतो, फारसा हलत नाही. मध्यक वर्गच बदलतो आणि उत्तर ३१.४४ होतं. बहुलक तर २८.६८ वरून थेट ३५.५ वर जातो, कारण आता १६ ही सर्वांत मोठी वारंवारता ठरते. एकच अंक, पण तिघांवरचा परिणाम किती वेगळा! गटांत मांडलेल्या तक्त्यावरून काढलेला बहुलक असा नाजूक असतो. वर्गांच्या सीमा थोड्या सरकवल्या तरी तो हलू शकतो. प्रबंधात तो लिहायचाच असेल तर वर्ग कसे पाडले तेही शेजारी लिहा.

पडताळा म्हणून काही जण ३ × मध्यक − २ × मध्य हे नातं वापरतात. इथे ते सुमारे ३०.५ देतं, आपला बहुलक २८.६८. मग गणित चुकलं का? नाही. हे नातं अंदाजी आहे, थोड्याशाच कललेल्या वितरणाला बरं लागू पडतं. त्यावरून बरोबर उत्तर खोडू नका.

आणखी एक. तक्त्यात गुणांऐवजी पूर्ण झालेल्या वर्षांत वय असेल तर ०.५ वजा करू नका. "२१–३०" मध्ये ३० वर्षं ११ महिन्यांचा माणूसही येतो, म्हणजे खरा वर्ग २१ ते ३१. तिथे L = २१, वर्गांतर १० आणि वर्गमध्य २६. तक्ता दिसायला तोच, पण तिन्ही उत्तरं अर्ध्या वर्षाने पुढे जातात. म्हणून फोटो कापलेला असेल तर रकान्याचं शीर्षक दिसेल असा पूर्ण फोटो आधी मागवून घ्या.