काळ्या रानातली दोन कडी

मे महिन्याच्या शेवटी काळ्या रानात पाणी मुरण्याचा वेग मोजायला गेलात, तर सोबत नेलेलं दोनशे लिटरचं पिंप पुरेलच असं नाही. कडं नेमकं भेगेवर बसलं असेल, तर ओतलेलं पाणी बघता बघता दिसेनासं होतं. त्याच जागी ऑगस्टच्या झडीनंतर गेलात, तर तासाभरात पाण्याची पातळी हललेली डोळ्यांना दिसत नाही. मातीही तीच आणि कडंही तेच. मग वहीत या मातीचा वेग किती म्हणून लिहायचा?

उपकरण अगदी साधं आहे. लोखंडी पत्र्याची दोन कडी, आतलं ३० सेंटिमीटर व्यासाचं आणि बाहेरचं ६० सेंटिमीटर व्यासाचं. यालाच दुहेरी कड्यांचा इन्फिल्ट्रोमीटर म्हणतात. जागेवरचं गवत उपटायचं नाही, कापायचं. कड्यावर आडवी फळी ठेवून घणाने हळूहळू, चारी बाजूंनी सारखं ठोकत ते दहा-पंधरा सेंटिमीटर खोल बसवायचं. एकाच बाजूने घाव घातले, तर माती हलते आणि पत्र्याला लागून फट पडते. आत प्लास्टिकचा कागद अंथरायचा, त्यावर पाणी ओतायचं आणि मग कागद अलगद ओढून घड्याळ सुरू करायचं. कागद नसला, तर पाण्याच्या धारेने वरची माती ढवळते आणि तिचा बारीक गाळ छिद्रांत बसतो.

मोजायचं असतं फक्त आतल्या कड्याचं पाणी. बाहेरच्या कड्यात पाणी तेवढ्याच पातळीला ठेवायचं, कारण एकच कडं असेल तर पाणी खाली जाता जाता आडवंही पसरतं आणि वेग आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. बाहेरचं पाणी भोवतालची माती ओली करतं आणि आतल्या पाण्याला बऱ्याच अंशी सरळ खाली जायला लावतं. बाहेरची पातळी घसरू दिली, तर दुसरं कडं असून नसल्यासारखं.

हिशोब असा. आतल्या कड्याचं क्षेत्रफळ साधारण ७०७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे पातळी राखण्यासाठी एक लिटर पाणी घालावं लागलं की सुमारे १४ मिलिमीटर पाणी मुरलं. उदाहरणादाखल धरा की पहिल्या पाच मिनिटांत १.२ लिटर लागलं. ते झालं १७ मिलिमीटर, आणि तासाच्या मापात सुमारे २०४. दुसऱ्या तासात मात्र पूर्ण तासाला २८० मिलिलिटरच लागलं, म्हणजे तासाला ४ मिलिमीटर. कोरडी माती सुरुवातीला पाणी ओढून घेते. जसजसा ओलावा खोल जातो तसतशी ती ओढ मंदावते. शेवटी वेग जवळपास स्थिर होतो.

काळ्या मातीत या सगळ्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते, आणि भेगा मिटतात. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला इक्रिसॅट संस्थेने १९७० च्या दशकात काळ्या आणि तांबड्या मातीची अशीच मोजणी केली होती. पहिल्या अर्ध्या तासात काळीचा वेग तासाला ७६ मिलिमीटर आणि तांबडीचा ७३, म्हणजे दोघी बरोबरीच्या. दुसऱ्या तासात काळी ४ वर आली, तांबडी १५ वर राहिली. १४४ तासांनंतर, म्हणजे सहा दिवसांनी, तांबडीचा वेग ७.७ होता आणि काळीचा ०.२१.

हा ०.२१ मोजायचा कसा, ते बघा. आपल्या कड्यात तो तासाला जेमतेम १५ मिलिलिटर होतो, म्हणजे तीन चमचे पाणी. उन्हात उघड्या पाण्याची वाफ तासाला याहून अधिक होऊ शकते. म्हणजे ज्याला आपण मुरणं समजतो आहोत, ते बहुतांश आकाशात गेलेलं असू शकतं. यावर उपाय सोपा आहे. कड्यावर झाकण ठेवायचं आणि शेजारी तेवढ्याच व्यासाची, बुडाला गळत नसलेली पाण्याची भांडी तसंच झाकून ठेवायची. भांड्यातली पातळी जेवढी घटेल तेवढी कड्याच्या आकड्यातून वजा करायची. कड्याबाहेरची माती अचानक ओली दिसली किंवा पत्र्याच्या कडेने बुडबुडे येऊ लागले, तर मात्र वजाबाकी करत बसू नये. तिथे फट आहे. मोजणी सोडून नवी जागा घ्यावी. पाणीही त्या रानात मुरणाऱ्या पाण्यासारखंच असावं. सोडियम जास्त असलेलं बोअरचं पाणी चिकणमातीचे कण सुटे करतं आणि छिद्रं बुजवतं.

आता अपधाव, म्हणजे न मुरता जमिनीवरून वाहून जाणारं पाणी. अमेरिकी जलशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉर्टन यांनी १९३३ साली मांडलं की पाऊस पडण्याचा वेग मुरण्याच्या वेगाहून जास्त झाला की उरलेलं पाणी वाहतं. पाटणचेरूच्या आकड्यांवर हे लावून पाहू. सहा दिवस भिजलेल्या रानावर दोन तासांत ४० मिलिमीटर पाऊस पडला. काळी माती त्यातलं अर्धा मिलिमीटरही घेणार नाही. तांबडी सुमारे १५ घेईल आणि २५ वाहील. खाचखळग्यांत आणि सऱ्यांत साठणारं पाणी यात धरलेलं नाही. तेवढं अपधावातून कमी होईल. भेगाळलेल्या काळ्या रानावर हाच पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात पडला असता, तर जवळपास सगळा आत गेला असता.

म्हणून काळ्या मातीचा मुरण्याचा एकच वेग लिहिलेला अहवाल मी अपुरा मानतो. आकड्याशेजारी मोजणीची तारीख हवी, ओलावा हवा, भेगांची रुंदी हवी आणि पाणी किती वेळ उभं होतं तेही हवं.

कड्याची आणखी एक मर्यादा तांबड्या मातीत उघडी पडते. वरच्या आकड्यांवरून तांबडी कमी वाहू देणारी वाटेल. पण तांबड्या रानातून हंगामाच्या सुरुवातीलाच पाणी वाहताना दिसतं. कड्यातलं पाणी शांत उभं असतं, पावसाचा थेंब मात्र उघड्या मातीवर आपटतो. ढेकूळ फुटतं, सुटे कण छिद्रांत बसतात आणि वाळल्यावर वर पातळ, कडक पापुद्रा धरतो. कड्याला ही मारझोड कधी कळत नाही. पण तिचा परिणाम मोजता येतो. दोन-तीन सरी पडून गेल्यावर पापुद्रा न मोडता एका जागी कडं बसवायचं. हातभर अंतरावर खुरप्याने तो पापुद्रा अलगद काढून दुसरं बसवायचं. अशा चार-पाच जोड्या घ्यायच्या, कारण रानात दोन पावलांवरही मुरण्याचा वेग बदलतो. प्रत्येक जोडीत खरवडलेली जागा पाणी भराभर घेत असेल, तर त्या रानातलं पाणी अडवणारा थर बोटाच्या नखाएवढा जाड आहे, आणि तो अगदी वरच बसला आहे.